एकाच जिवाणूची चार नावं: लॅक्टोबॅसिलसचं आडनाव का बदललं?

शेजारच्या काकू परवा प्रोबायोटिकची दोन पाकिटं घेऊन आल्या. नातवाला जुलाब झाले होते, डॉक्टरांनी चिठ्ठीवर एक नाव लिहून दिलं होतं. घरात आधीच्या वेळचं एक पाकीट होतं, दुकानातून आणलेलं दुसरं. जुन्यावर छापलं होतं 'लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी' आणि नव्यावर 'लॅक्टिकेसीबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी'. काकूंचा प्रश्न सरळ होता: "दुकानदारानं भलतंच काही दिलं का रे?"

भलतंच दिलेलं नव्हतं. दोन्ही पाकिटांत एकच जिवाणू होता. पण एकाच जिवाणूला दोन नावं कशी, आणि कंपनीनं छापलेलं नाव मध्येच का बदललं, हे त्यांना समजावताना मला चांगला अर्धा तास लागला. तेच इथे जरा सावकाश लिहितो.

आधी आडनाव, मग नाव

जिवाणूचं शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. शाळेच्या हजेरीपटावर 'कुलकर्णी अनिल' असं लिहितात ना, तसंच इथे आडनाव आधी येतं. लॅक्टोबॅसिलस हे आडनाव, ऱ्हॅम्नोसस हे त्या घरातल्या एकाचं नाव. (आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रजाती म्हणजे मोठा गट आणि जाती म्हणजे त्याच्या आतला लहान. वर्तमानपत्रं नेमकं उलटं वापरतात, तेव्हा गोंधळ झाला तर दोष तुमचा नाही.)

रोमन लिपीत लिहिताना आडनावाचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं नाव सगळं लहान लिपीत आणि दोन्ही शब्द तिरप्या अक्षरांत. नावं लॅटिन वळणाची असतात. लॅक म्हणजे दूध, बॅसिलस म्हणजे बारीक दांडी. दुधातली दांडी, बस. ऱ्हॅम्नोसस हे नाव ऱ्हॅम्नोज नावाच्या साखरेवरून आलं, कारण हा जिवाणू ती साखर आंबवतो.

लॅटिनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं आहेत, आणि जातीचं नाव विशेषण असेल तर ते आडनावाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. आपण पांढरा घोडा, पांढरी गाय, पांढरं वासरू म्हणतो, अगदी तसं. 1935 साली नवजात बाळांच्या विष्ठेत एक जिवाणू सापडला. तो प्रयोगशाळेत वाढवणं फार अवघड जात होतं, म्हणून त्याचं नाव ठेवलं बॅसिलस डिफिसिलिस, म्हणजे 'अवघड दांडी'. तीन वर्षांनी त्याला क्लॉस्ट्रिडियम प्रजातीत हलवलं. बॅसिलस पुल्लिंगी आणि क्लॉस्ट्रिडियम नपुंसकलिंगी, म्हणून डिफिसिलिसचं झालं डिफिसिल. जिवाणू तोच, अवघडपणाही तोच, फक्त 'अवघडा'चं 'अवघडं' झालं. त्यामुळे यादीत नावाचं शेपूट बदललेलं दिसलं, तर ती छपाईची चूकच असेल असं नाही.

कुलकर्णी सगळे एका रक्ताचे नसतात

आता मूळ मुद्दा: आडनाव ठरतं कशावरून?

कुलकर्णी हे आडनाव रक्तावरून आलेलं नाही, कामावरून आलं. गावाचा जमाखर्च आणि दप्तर सांभाळणारा तो कुलकर्णी. सांगलीकडच्या गावाचा कुलकर्णी आणि खानदेशातल्या गावाचा कुलकर्णी यांचं आडनाव एक, पण दोघांची वंशावळ कुठे जुळेलच असं नाही.

लॅक्टोबॅसिलसचं नेमकं असंच झालं. हे आडनाव डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी 1901 साली दिलं. त्या काळी जिवाणू ओळखायची साधनं मोजकी होती: सूक्ष्मदर्शकाखाली आकार कसा दिसतो, ग्रॅमच्या रंगानं जांभळा होतो का, बीजाणू धरतो का, हवेशिवाय वाढतो का, साखर खाऊन कोणतं आम्ल सोडतो. जो दांडीसारखा दिसतो, जांभळा रंगतो, बीजाणू धरत नाही आणि साखरेचं लॅक्टिक आम्ल करतो, तो लॅक्टोबॅसिलस. म्हणजे जो आंबवायचं काम करतो त्याला कामाचं आडनाव. मग ताकातून, चीजमधून, आंबवलेल्या पिठातून, कोबीच्या लोणच्यातून, माणसाच्या आतड्यातून असे जे जे सापडले, ते सगळे या एकाच वाड्यात राहायला आले. 2020 च्या सुरुवातीला वाड्यात 261 जाती झाल्या होत्या.

दरम्यान वंशावळ तपासायचं साधन हाती आलं होतं. जिवाणूचा संपूर्ण जिनोम, म्हणजे त्याच्या डीएनएमधली सगळी अक्षरं, वाचता येऊ लागली. दोन जिनोम शेजारी ठेवायचे आणि जुळणाऱ्या भागांत किती टक्के अक्षरं सारखी आहेत ते मोजायचं. हा आकडा साधारण 95 ते 96 टक्क्यांच्या वर गेला तर दोघं एका जातीचे, असा आता बराच सर्वमान्य संकेत आहे.

जातीसाठी असा आकडा आहे, प्रजातीसाठी मात्र नाही. 'इथवर एक आडनाव आणि इथून पुढे दुसरं' ही रेघ कुठे ओढायची, हे अखेर जाणकारांना झाडाच्या फांद्या बघून ठरवावं लागतं. पुढचे सगळे वाद इथूनच निघतात.

वाड्याच्या वाटण्या

लॅक्टोबॅसिलसचे जिनोम लावून पाहिले तेव्हा दोन अडचणी दिसल्या. पहिली अशी, की या एका प्रजातीतल्या टोकाच्या दोन जातींमध्ये जेवढं अंतर होतं, तेवढं इतरत्र आख्ख्या कुळात, म्हणजे प्रजातींच्या समूहातही, सहसा नसतं. दुसरी अडचण जास्त विचित्र होती. पेडिओकॉकस नावाची वेगळ्या आडनावाची मंडळी या वाड्याच्या मधल्याच खोल्यांत निघाली. आकारानं ती गोल, दांडीसारखी नाहीत, म्हणून पूर्वी त्यांना वेगळं आडनाव दिलं होतं. वंशावळ सांगत होती की काही लॅक्टोबॅसिलस एकमेकांपेक्षा या गोलांनाच जवळचे आहेत. सख्ख्या भावाचं आडनाव वेगळं आणि सातव्या पिढीतल्या चुलत्याचं मात्र आपलंच, अशी ही गत.

यातून सुटायचे दोनच मार्ग होते. गोलांनाही आत घेऊन वाडा आणखी मोठा करायचा, किंवा वाटण्या करायच्या. एप्रिल 2020 मध्ये अनेक देशांतल्या संशोधकांच्या गटानं दुसरा मार्ग धरला. 261 जातींची 25 प्रजातींत वाटणी झाली, त्यांतल्या 23 प्रजाती नव्या कोऱ्या.

जुनं आडनाव कोणाकडे राहिलं? याचा निर्णय मतदानानं होत नाही. प्रत्येक प्रजातीची एक आदर्श जाती आधीच ठरलेली असते, जणू देवघराची किल्ली तिच्याकडे. ती जिकडे जाईल तिकडे आडनाव जातं. लॅक्टोबॅसिलसची किल्ली डेलब्रुएकी या जातीकडे होती. तिची बल्गेरिकस ही उपजाती योगर्ट लावायला वापरतात. म्हणून बल्गेरिकस, अॅसिडोफिलस आणि त्यांच्या जवळचे नातलग आजही लॅक्टोबॅसिलसच आहेत. केसी आणि ऱ्हॅम्नोसस लॅक्टिकेसीबॅसिलस झाले, प्लांटारम गेला लॅक्टिप्लांटिबॅसिलसमध्ये, आणि आंबवलेल्या पिठांत भेटणारा फर्मेंटम लिमोसिलॅक्टोबॅसिलस झाला. लिमोसस म्हणजे चिखलासारखा बुळबुळीत. या मंडळींपैकी बरीचशी साखरेपासून बुळबुळीत पदार्थ तयार करतात, म्हणून हे नाव.

नावं बोजड आहेत, यात वाद नाही. पण वाटण्या करणाऱ्यांनी एक व्यवहारी गोष्ट सांभाळली: खाण्यात आणि औषधांत नेहमी भेटणाऱ्या जातींच्या नव्या आडनावांचं पहिलं रोमन अक्षर 'एल'च ठेवलं. लेखात आडनाव दुसऱ्यांदा आलं की नुसतं पहिलं अक्षर लिहायची रीत आहे, म्हणून 'एल. ऱ्हॅम्नोसस' आधीही बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे. आता त्या 'एल'चे दहा-अकरा अर्थ होतात ही गोष्ट वेगळी. एकाच मजकुरात दोन-तीन प्रजाती आल्या की वाचणारा चकतो, त्यामुळे अनेकजण आता दोन-तीन अक्षरी संक्षेप वापरतात.

जीजीचा प्रवास

काकूंच्या पाकिटावरच्या शेवटच्या दोन अक्षरांकडे आता वळू, कारण खरी ओळख तिथेच आहे.

जीजी म्हणजे गोरबाख आणि गोल्डिन. या दोन अमेरिकी संशोधकांनी 1980 च्या दशकात निरोगी माणसाच्या पोटातून हा जिवाणू वेगळा केला. जातीच्या आतल्या अशा एका विशिष्ट वंशाला स्ट्रेन म्हणतात. भात ही एकच जाती, पण इंद्रायणी आणि आंबेमोहोर हे तिचे वेगवेगळे वाण. शिजवल्यावर फरक कळतो. जीजी हा ऱ्हॅम्नोसस जातीचा तसाच एक वाण.

या वाणाची नावं पाहा. 1985 साली पेटंटचा अर्ज झाला तेव्हा त्याला अॅसिडोफिलस समजले होते. नंतर नीट तपासणीत तो केसीच्या ऱ्हॅम्नोसस या उपजातीत बसतो असं दिसलं. 1989 मध्ये त्या उपजातीला बढती मिळाली आणि ती स्वतंत्र जाती झाली, मग जीजी झाला लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस. 2020 मध्ये वाटण्या झाल्या आणि तो लॅक्टिकेसीबॅसिलस ऱ्हॅम्नोसस झाला.

चार नावं झाली, पण कारणं दोन प्रकारची आहेत आणि ती वेगळी ठेवायला हवीत. पहिला बदल हा ओळखण्यातल्या चुकीची दुरुस्ती होता: समोरच्याला आपण भलत्याच्याच नावानं हाक मारत होतो. पुढच्या दोन बदलांत कोणी चुकलेलं नव्हतं. समोर कोण आहे हे नक्की ठाऊक होतं, फक्त त्याचं नातं कोणाशी किती जवळचं, याबद्दलचं मत बदललं.

या सगळ्या काळात एक गोष्ट तसूभर बदलली नाही. अमेरिकेतल्या जिवाणूंच्या संग्रहात हा वाण एटीसीसी 53103 या क्रमांकानं ठेवला आहे. लग्नानंतर आडनाव बदललं तरी पॅन क्रमांक तोच राहतो, तसा हा क्रमांक. जीजीवर झालेले जुने अभ्यास आजच्या पाकिटाला लागू होतात ते या वाणाच्या ओळखीमुळे. नुसतं 'ऱ्हॅम्नोसस' लिहिलेल्या, वाण न सांगणाऱ्या पाकिटाला ते आपोआप लागू होत नाहीत.

मग जुनं नाव चुकीचं ठरलं का?

नाही, आणि हे भल्याभल्यांना माहीत नसतं. जिवाणूंच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. ती नाव कसं बनवायचं, कुठे छापायचं, दोन नावांत जुन्याला मान कसा द्यायचा हे सांगते. कोणी कोणत्या प्रजातीत बसावं, यावर ती हुकूम सोडत नाही. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस हे नियमानुसार छापलेलं नाव आजही वैध आहे. लॅक्टिकेसीबॅसिलस ऱ्हॅम्नोससही वैध आहे. 2020 ची वाटणी ज्याला पटते तो नवं वापरतो. बहुतेकांना ती पटली, इतकंच. म्हणून जुनं नाव छापणाऱ्या कंपनीला लबाड म्हणण्याचं कारण नाही.

हा इतिहास पूर्ण शास्त्रीय नावातच लिहिलेला असतो: 'लॅक्टिकेसीबॅसिलस ऱ्हॅम्नोसस (हॅन्सन 1968) झेंग व इतर 2020'. कंसातल्यानं ऱ्हॅम्नोसस हे नाव प्रथम दिलं, कंसाबाहेरच्यांनी त्याला आजच्या घरी आणलं. नावाला कंस दिसला की समजावं, हा गडी मूळचा या घरचा नाही.

नाव नोंदवण्याच्या अटी मात्र कडक आहेत. 1980 च्या 1 जानेवारीला मान्य नावांची एक यादी लागू झाली आणि तीत नसलेल्या जुन्या नावांचा हक्क संपला. साचलेल्या कचऱ्याची ही मोठी साफसफाई होती. तेव्हापासून नवं नाव एका ठरावीक नियतकालिकात छापावं लागतं किंवा दुसरीकडे छापलं असेल तर तिथल्या यादीत आणावं लागतं. शिवाय त्या जातीचा नमुना वाण जिवंत स्वरूपात किमान दोन देशांतल्या दोन संग्रहांत ठेवावा लागतो, म्हणजे शंका असेल त्यानं मागवून पाहावा.

यातलं एक उदाहरण आपल्या जवळचं आहे. 2005 च्या एप्रिलमध्ये हैदराबादहून एक प्रचंड फुगा सोडून 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. प्रयोगाचे प्रमुख होते पुण्याच्या आयुकाचे जयंत नारळीकर, आणि जिवाणूंची तपासणी हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत झाली. 2009 मध्ये त्यातून तीन नव्या जाती जाहीर झाल्या. एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल यांचं नाव मिळालं, जॅनिबॅक्टर हॉयली. दुसरी होती बॅसिलस आर्यभटाय, म्हणजे 'आर्यभटाचा बॅसिलस'. शेवटचा तो 'आय' लॅटिनमधला 'चा' आहे. पुढे बॅसिलस या वाड्याच्याही वाटण्या निघाल्या, आणि 2020 पासून हा जिवाणू प्रीस्टिया आर्यभटाय म्हणून ओळखला जातो. प्रीस्ट हे एक ब्रिटिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. आडनाव गेलं, पण आर्यभट हलला नाही. जातीचं नाव नव्या घरीही सोबत न्यायचं, हा नियमच आहे. नव्या घरी त्याच नावाचा कोणी आधीच बसलेला असेल तेवढाच अपवाद.

"हा शास्त्रज्ञांचा उद्योग, आम्हाला ताप कशाला?"

दह्याच्या बाबतीत ताप फक्त डोळ्यांना होतो. दवाखान्यात तो खरा होऊ शकतो.

एंटेरोबॅक्टर एरोजेनिस नावाचा जिवाणू रुग्णालयांत बऱ्यापैकी आढळतो. जिनोम पाहिल्यावर तो क्लेबसिएला मंडळींचा निघाला आणि 2017 मध्ये क्लेबसिएला एरोजेनिस झाला. नातं बरोबर जुळलं. पण डॉक्टरांच्या डोक्यात क्लेबसिएला म्हटलं की न्यूमोनिए ही जाती येते, आणि तिच्या साध्या वाणांवर सेफ्ट्रायॅक्झोनसारखं प्रतिजैविक सहसा चालतं. एरोजेनिसच्या जिनोममध्ये मात्र अशा औषधांना फोडणारं एक विकर बनवायची सोय जन्मतः असते. औषध सुरू असताना त्या विकराचं उत्पादन वाढू शकतं. अहवालात 'औषध लागू' दिसतं आणि चार दिवसांनी ताप परत चढतो. जुनं आडनाव अनुभवी डॉक्टरला लगेच सावध करायचं, नवं तसं करत नाही. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा अहवालात नव्या नावापुढे 'पूर्वीचं नाव अमुक' असं लिहितात. तुमच्या हातातल्या अहवालात अनोळखी नाव दिसलं तर पहिला प्रश्न तोच विचारा: याचं जुनं नाव काय?

वर आलेल्या डिफिसिलची कथाही इथलीच. तो खऱ्या क्लॉस्ट्रिडियमपासून दूरचा आहे हे कळलं होतंच. 2013 मध्ये त्याच्यासाठी 'पेप्टोक्लॉस्ट्रिडियम' हे नाव पुढे आलं. पण जगभर रुग्णालयांत त्याला 'सी. डिफ' म्हणतात; फलक, चाचण्या, औषधांची माहितीपत्रकं सगळीकडे तो 'सी' छापलेला. मग 2016 मध्ये 'क्लॉस्ट्रिडिऑइडिस' हे नाव काढलं: नातं नवं, आद्याक्षर जुनंच. लॅक्टोबॅसिलसवाल्यांनी 'एल' सांभाळला तोच हा शहाणपणा.

जिथे नियमच म्हणतो, बदलू नका

एका नावापुढे वंशावळीनं हार मानली आहे. प्लेगचा जिवाणू येर्सिनिया पेस्टिस. 1894 साली हाँगकाँगमध्ये येर्सिन यांनी तो शोधला, आणि दोनच वर्षांत मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात तो काय करतो ते आपल्या पणज्यांनी पाहिलं. याचा एक अगदी जवळचा नातलग आहे, येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस. तो मुख्यतः पोटाचं, तुलनेनं सौम्य दुखणं आणतो. डीएनएच्या हिशेबात दोघं एकाच जातीत बसतात, म्हणून 1980 च्या सुमारास पेस्टिसला त्याची उपजाती करण्याचा प्रस्ताव आला. शास्त्रदृष्ट्या तो चूक नव्हता.

पण कल्पना करा, अहवालावर लांबलचक नाव आहे, कोणीतरी शेवटचा शब्द गाळला, आणि प्लेगचा रुग्ण पोटदुखीचा समजून साध्या वॉर्डात ठेवला. नियमावलीत एक कलम आहे: ज्या नावामुळे जीवाला धोका होऊ शकतो ते नाकारता येतं. 1985 मध्ये नामकरणाच्या न्याय आयोगानं ते वापरलं आणि प्लेगला त्याचं वेगळं नाव कायम ठेवलं.

काकूंना यातलं सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की पहिला शब्द वेगळा असला तरी दुसरा शब्द आणि त्यापुढची अक्षरं, इथे ऱ्हॅम्नोसस आणि जीजी, जुळतात का बघा. जुळत असतील तर मग मुदतीची तारीख आणि एका मात्रेत किती कोटी जिवाणू आहेत ते बघा, कारण दोन पाकिटांत खरा फरक असलाच तर तिथे असेल. त्यांच्या जुन्या पाकिटाची मुदत मार्चमध्येच संपली होती.

जाताना त्यांनी विचारलं, "मग माझ्या विरजणातला कोण?" त्याचं उत्तर नावानं देता येत नाही. घरच्या विरजणात पाचसहा जातींचं मिश्रण असू शकतं, आणि ते उन्हाळा-हिवाळ्यात, शेजारणीकडून नवं आणल्यावर बदलत राहतं. त्यातला एक जण वेगळा करून वाढवून जिनोम वाचला, तरच त्याला आडनाव लावता येईल.

"राहू दे," काकू म्हणाल्या, "लागतंय ना चांगलं."